अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो अपलोड होत नाही – गावात घरीच काढायचा आहे, मदत हवी

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. ताई अमेरिकेत असते, तिच्याकडे जाण्यासाठी आई-बाबांचा डीएस-१६० फॉर्म मी भरतोय. बी-१/बी-२ व्हिसा. बाकी सगळी माहिती भरून झाली, गाडी फोटोवर अडली आहे.

पहिला फोटो तालुक्याच्या स्टुडिओतून काढला. त्यांनी नेहमीचा पासपोर्ट साइज काढून दिला, मागे निळा पडदा. मी सांगितल्यावर संगणकावर मागचा रंग पांढरा करून दिला. तो चौकोनी कापून टाकला तर साइट घेत नाही. दुसरा फोटो घरी ओसरीत भिंतीला उभं करून चुलतभावाने मोबाइलवर काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तोही नापास.

आणखी दोन अडचणी. आईच्या डोक्यावर पदर असतो, फोटोसाठी काढायला ती तयार नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेत, काळा चष्मा लावलेला आहे. फॉर्मची मुदत चालू आहे. काय करावं?

सेतू_केंद्र_वरुड
भाऊ, मी रोज दहा फॉर्म भरतो. सोपं आहे. साइटला २४० केबीच्या आत फोटो लागतो. जितका लहान तितका पटकन जातो, म्हणून दाबून ३०-४० केबी करून टाका. डीपीआय ३०० करा. आणि बॅकग्राउंड काढायचं अ‍ॅप येतं त्यात एका क्लिकमध्ये पांढरं होतं, नोकरीच्या फॉर्मला आम्ही तसंच करतो, कधी अडलं नाही.

मोजपट्टी
पूर्णाकाठ, घाई करू नका. चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात, एकेक सोडवू. सेतू_केंद्र, २४० केबीची कमाल मर्यादा तुम्ही बरोबर सांगितली. बाकीच्या सल्ल्याबद्दल पुढे लिहिते, कारण या फॉर्मला नोकरीच्या फॉर्मचे नियम लागत नाहीत.

आधी स्टुडिओच्या फोटोचं. तो का बसत नाही हे कळलं की अर्धं काम होतं.

आपल्याकडचा पासपोर्ट साइज म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटर, उभा. त्यात चेहरा मोठा ठेवतात, हनुवटीपासून केसांच्या टोकापर्यंत ३२ ते ३६ मिमी. अमेरिकेला लागतो चौकोनी, २ बाय २ इंच, म्हणजे ५१ बाय ५१ मिमी, आणि त्यात डोकं २५ ते ३५ मिमी. फाइलच्या भाषेत सांगायचं तर फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के डोकं हवं.

आता तुमचा ३५ मिमी रुंदीचा फोटो चौकोनी कापला की चौकोन होतो ३५ बाय ३५. त्यात डोकं ३२ मिमी जरी धरलं तरी ते ९१ टक्के झालं. हनुवटी आणि केस दोन्ही कडेला टेकले. म्हणजे पासपोर्ट साइजमधून हा फोटो कापून निघूच शकत नाही, कितीही सरकवा. काही जण दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या जोडून चौकोन करतात. त्या पट्टीची धार दिसते, आणि ती फोटोत केलेली फेरफार धरली जाते.

म्हणून फोटो नव्यानेच काढायचा, आणि काढताना चेहऱ्याभोवती भरपूर जागा सोडायची. छातीपर्यंत घ्या, डोक्यावर एक वीत मोकळी ठेवा. कापायचं नंतर.

फ्लॅश_आर्वी
आमी स्टुडिओवाले, म्हनून बोलतो. मोजपट्टी ताईचं बरोबर हाय. गिऱ्हाईक येते अन् म्हनते "व्हिसाचा फोटो पायजे", कोन्या देशाचा ते सांगत नाई, मंग पोरगा पासपोर्ट साइज काढून देते. स्टुडिओत गेले तं तोंडानं "व्हिसा" म्हनू नका, "दोन बाय दोन इंच, पांढरा बॅकग्राउंड, अन् मूळ फाइल पेनड्राइव्हवर" असं म्हना. मूळ फाइल मागाच. नुसती प्रिंट आनली तं घरी काईच करता येत नाई.

पन घरी काढाचा असन तं उजेडाचं ध्यान ठेवा. दहा फोटोतले आठ साया सावलीमुळं जातात.

मोजपट्टी
फ्लॅशभाऊ, सावलीचं तुम्हीच सविस्तर लिहा ना. माझं काम फाइलचं, उजेड तुमचा प्रांत.

फ्लॅश_आर्वी
लिहितो. पूर्णाकाठ भाऊ, तुमच्या चुलतभावानं मायले भिंतीले टेकून उभं केलं असन. तितंच चूक झाली. भिंतीले चिटकलं की कानाच्या मांगं काळी कड पडते. मानूस भिंतीपासून दोन-तीन हात पुढं पायजे. तेवढ्यानं सावली भिंतीवर न पडता खाली जमिनीवर पडते.

तोंड दरवाज्याकडं करा, उजेड समोरून आला पायजे. ओसरीचं तोंड उत्तरेले असन तं लय चांगलं, दिवसभर सारखा उजेड भेटते. पूर्वेले असन तं ऊन ओसरीतून निघून गेल्यावर, म्हंजे साडेदहा-अकराच्या मांगं काढा. डायरेक्ट ऊन तोंडावर नको, डोये बारीक होतात अन् नाकाची सावली गालावर पडते. घरातला लाइट बंद करा. एका बाजूनं पिवया बल्ब अन् दुसऱ्या बाजूनं दिवसाचा उजेड असला की अर्धं तोंड पिवयं दिसते.

हनुवटीखाली काळं दिसत असन तं मांडीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा नाई तं पांढरा टॉवेल ठेवा, फोटोत येनार नाई असा. खालून उजेड वर फेकते. मोबाइलचा फ्लॅश मारू नका, कपाय चमकते अन् भिंतीवर सावली उमटते.

आता भिंत. आपल्याकडं चुन्यात नीळ टाकतात. डोयाले पांढरी दिसते, मोबाइलात निळसर येते. आकाशी, पोपटी रंगाच्या भिंती तं विचारूच नका. त्यापेक्षा पांढरी चादर इस्त्री करून दोरीवर तानून बांधा, खालून वजन लावा. घडीची रेघ दिसली नाई पायजे. नाई तं दोन मोठे पांढरे कार्डशीट भिंतीवर चिटकवा, पन जोड डोक्याच्या मांगं येऊ देऊ नका.

दोन_बैल
माह्या नातवाचा पासपोर्ट काढाचा हाय, वय साडेतीन वर्स. त्याले पन दोन बाय दोन इंच फोटो लागते काय? का पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात त्याइच्या कॅमेऱ्यानं काढतात?

मोजपट्टी
दोन_बैल काका, तुमचा प्रश्न पासपोर्टचा आहे, हा धागा व्हिसाचा. पण थोडक्यात सांगते. पासपोर्ट केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो तिथेच काढतात. चार वर्षांखालच्या लेकराचा मात्र आपण न्यायचा, पासपोर्ट साइज म्हणजे ३५ बाय ४५ मिमी, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. दोन बाय दोन इंच त्याला चालणार नाही. लेकरू बसत नसेल तर पांढऱ्या चादरीवर उताणं निजवून वरून काढा, धरणाऱ्याचा हात दिसू देऊ नका.

पूर्णाकाठ
फ्लॅशभाऊ, आज तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. चादर ताणली, आईला तीन हात पुढे खुर्चीवर बसवलं, तोंड दाराकडे. पदर खांद्यावर घ्यायला ताईने फोनवर समजावलं तेव्हा ती तयार झाली. फोटो खरंच स्वच्छ आलाय. मूळ फाइल ३००० बाय ४००० पिक्सेल. आता कापायचा कसा? अंदाजे चौकोन घेतला तर कधी डोकं लहान, कधी मोठं होतं.

मोजपट्टी
अंदाजाने करू नका, मोजा. संगणकावर पेंटमध्ये मूळ फोटो उघडा. माउस फिरवला की खाली डाव्या कोपऱ्यात दोन आकडे बदलतात. पहिला आडवा, दुसरा उभा, आणि उभा आकडा वरून खाली वाढत जातो. चार ठिकाणी माउस नेऊन आकडे लिहून घ्या. केसांचं सगळ्यात वरचं टोक, डोळ्यांची रेघ, हनुवटीचं टोक, आणि नाकाचा मध्य. पहिल्या तिघांचा उभा आकडा, नाकाचा आडवा.

पूर्णाकाठ
केस १०२०. डोळे १६००. हनुवटी २१७०. नाक आडवं १४८०.

मोजपट्टी
छान. आता हिशेब बघा, बाबांच्या फोटोलाही हाच करायचा.

डोक्याची उंची म्हणजे २१७० वजा १०२०, ११५० पिक्सेल. नियम ५० ते ६९ टक्के. मी कडेला जात नाही, ५७-५८ टक्के धरते, म्हणजे थोडी चूक झाली तरी आतच राहते. ११५० ला ०.५८ ने भागलं की १९८३ येतात. सरळ २००० धरा. तुमचा चौकोन २००० बाय २०००.

दुसरा नियम डोळ्यांचा, आणि तो बरेच जण विसरतात. फोटोच्या खालच्या कडेपासून डोळे ५६ ते ६९ टक्के उंचीवर हवेत. मी ६२ टक्के घेते. २००० चे ६२ टक्के म्हणजे १२४०. डोळे १६०० वर आहेत, त्यात १२४० मिळवले की चौकोनाची खालची कड २८४० वर येते. वरची कड तिथून २००० वर, म्हणजे ८४० वर. केस १०२० ला सुरू होतात, म्हणजे डोक्यावर १८० पिक्सेल मोकळे राहिले. योग्य आहे.

आडवं सोपं. नाक मध्यावर. १४८० वजा १००० म्हणजे डावी कड ४८०, उजवी २४८०.

पेंटमध्ये ४८०, ८४० पासून २४८०, २८४० पर्यंत चौकोन निवडून क्रॉप करा, मग रिसाइजमध्ये पिक्सेल निवडून ६०० बाय ६०० करा. लहान केल्यावर आईचं डोकं ३४५ पिक्सेल आणि डोळे खालून ३७२ पिक्सेलवर येतील. ६०० च्या फोटोत डोक्याला ३०० ते ४१४ आणि डोळ्यांना ३३६ ते ४१४ ची मुभा असते, म्हणजे दोन्ही आरामात आत.

टर्मिनल_यवतमाळ
ज्यांना पेंटमध्ये चौकोन धरताना हात हलतो त्यांच्यासाठी. संगणकावर इमेजमॅजिक असेल तर वरचा सगळा हिशेब एका ओळीत होतो:

```
magick aai.jpg -auto-orient -crop 2000x2000+480+840 +repage -resize 600x600 -quality 92 aai600.jpg
```

पहिला आकडा चौकोनाचा, नंतरचे दोन म्हणजे डावी आणि वरची कड. `-auto-orient` काढू नका. मोबाइल आडवा-उभा धरल्याची नोंद फाइलमध्ये वेगळी ठेवतो, चित्र मात्र फिरवत नाही. आपल्याला फोटो सरळ दिसतो आणि साइटवर आडवा पडतो, तो त्यामुळेच. आणि आयफोन असेल तर आधी जेपीजी करून घ्या, त्याची मूळची `.heic` फाइल तिथे चालत नाही.

सेतू_केंद्र_वरुड
एवढं मोजून काय करायचं? साइट फक्त केबी आणि पिक्सेल बघते. आणि ३०० डीपीआय केलं की नाही ते कोणी सांगितलंच नाही.

मोजपट्टी
सेतू_केंद्र, तुमच्याकडे लोक विश्वासाने येतात म्हणून हे नीट लिहिते.

डीपीआयचा संबंध कागदावरचा फोटो स्कॅन करताना येतो. २ इंची फोटो ३०० वर स्कॅन केला की २ गुणिले ३००, म्हणजे ६०० पिक्सेल मिळतात, म्हणून तो आकडा नियमात आहे. मोबाइलच्या फोटोला डीपीआय काहीही असो, मोजले जातात पिक्सेल. किमान ६०० बाय ६००, कमाल १२०० बाय १२००, आणि चौकोनीच.

आता केबी. २४० ही वरची मर्यादा आहे, पण खालूनही एक मर्यादा आहे, ती लोकांना माहीत नसते. फाइल दाबण्याचं प्रमाण वीसास एक यापेक्षा जास्त नको असा नियम आहे. रंगीत फोटोत प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात. ६०० गुणिले ६०० गुणिले ३ म्हणजे १० लाख ८० हजार बाइट. त्याचा विसावा भाग ५४ हजार बाइट, साधारण ५३ केबी. म्हणजे ६०० च्या फोटोची फाइल ५३ केबीपेक्षा लहान असेल तर ती नियमापेक्षा जास्त दाबलेली आहे. तुम्ही सांगता ती ३०-४० केबीची फाइल नेमकी इथे अडकते. जवळून बघितलं तर भुवया आणि ओठांभोवती चौकडी-चौकडी दिसते.

उलट १२०० बाय १२०० घेतला तर विसावा भागच २११ केबी होतो आणि वर मर्यादा २४०. मधली फट फार अरुंद. म्हणून मी नेहमी ६०० घेते, तिथे ५३ ते २४० एवढी मोकळीक मिळते.

पूर्णाकाठ
व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला पहिला फोटो मी चौकोनी करून ६०० केला होता. आत्ता पाहिलं, ३१ केबी आहे.

मोजपट्टी
तेच कारण असणार, भिंतीवरची सावली वेगळी. व्हॉट्सअ‍ॅप फोटो म्हणून पाठवला की दाबतं. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. एकदा दाबलेल्या फाइलचे केबी नंतर वाढवून उपयोग नाही, गेलेला तपशील परत येत नाही. मूळ फोटोपासूनच पुन्हा सुरुवात करायची.

टर्मिनल_यवतमाळ
वरच्या आदेशात ९२ ने फाइल ५३ च्या खाली आली तर ९६ करून बघा. मागे सपाट पांढरं असलं की फाइल तशीही लहान होते.

फ्लॅश_आर्वी
मी एक विचारतो. चादर थोडी भुरकट आली, तं नुसतं मागचं पांढरं करून टाकलं तं काय बिघडते? चेहऱ्याले तं हात लावलाच नाई ना.

मोजपट्टी
बिघडतं, भाऊ. कापणं आणि लहान करणं चालतं. सॉफ्टवेअर, अ‍ॅप किंवा फिल्टर वापरून फोटो बदलायला मनाई आहे. पार्श्वभूमी पुसली की केसांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी रेघ येते, कधी कानाची पाळी खाल्ली जाते, कधी पांढऱ्या केसांचा अर्धा भाग पार्श्वभूमीत जातो. आई-बाबांच्या वयाला हे जास्त होतं, कारण केस पांढरे आणि मागेही पांढरं. पूर्णाकाठ, तुमच्या स्टुडिओच्या फोटोत आईच्या कानाजवळ मोठं करून बघा.

आणि पार्श्वभूमी शुभ्रच हवी असं नाही. पांढरी किंवा किंचित मळकट पांढरी, दोन्ही चालतात. हलकी भुरकट चादर पुसलेल्या पांढऱ्यापेक्षा बरी.

फ्लॅश_आर्वी
माह्या अनुभवात पुसलेलं पन चालून गेलं, लय वेळा. नियम तुमचा खरा असन, पन गिऱ्हाईकाले दोन दिसांत फोटो पायजे रायते.

मोजपट्टी
साइटची तपासणी यंत्र करतं आणि त्यातून पुसलेले फोटो सुटतातही, हे मी नाकारत नाही. पण शेवटचा निर्णय वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा. तिथे पुन्हा फोटो मागितला तर आर्वीहून मुंबईला गेलेल्या माणसाला कोणत्या गल्लीत फोटो काढायचा हेही माहीत नसतं. एक चादर ताणण्याचा त्रास त्यापेक्षा थोडा आहे.

पूर्णाकाठ
कानाजवळ पाहिलं. खरंच, आईच्या कानातल्या फुलाचा अर्धा भाग गायब आहे.

आता बाबांचं. काळा चष्मा काढून फोटो काढावा का? डॉक्टरांनी ऊन-वारा टाळायला सांगितलंय.

मोजपट्टी
डोळ्याच्या बाबतीत डॉक्टर म्हणतील तेच, फोटोसाठी त्यांना न विचारता चष्मा काढू नका.

नियम असा: १ नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही, नंबरचा असो की साधा. डोळ्याच्या ताज्या ऑपरेशनमुळे चष्मा काढताच येत नसेल तर सवलत आहे, पण डॉक्टरांची सही असलेलं निवेदन जोडावं लागतं, आणि तरीही फ्रेमने डोळा झाकायला नको, काचेवर चमक नको, सावली नको. काळ्या काचेतून डोळे दिसतच नाहीत, म्हणून चिठ्ठी असली तरी तो फोटो बसणार नाही.

माझा सल्ला, बाबांचा फोटो थांबवा. डॉक्टर काळा चष्मा काढायला सांगतील तेव्हा, डोळ्यांची लाली उतरल्यावर काढा. डोळा सुजलेला, अर्धा मिटलेला असेल तर फोटो नियमात बसला तरी मुलाखतीच्या वेळी चेहरा वेगळा दिसतो. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा एवढीच अट आहे, दोन-तीन आठवडे थांबल्याने काही अडत नाही. फॉर्म सेव्ह करून ठेवा आणि अर्जाचा क्रमांक लिहून घ्या, तो फॉर्म तीस दिवसांपर्यंत पुन्हा उघडता येतो. आणि पान उघडं ठेवून वीस मिनिटं काहीच केलं नाही तर साइट बाहेर काढते, म्हणून फोटो आधी तयार करा, मग साइट उघडा.

बाबा कानाचं यंत्र लावतात का? लावत असतील तर राहू द्या, ते चालतं.

पूर्णाकाठ
यंत्र नाही. पण टोपी घालतात, पांढरी गांधी टोपी.

मोजपट्टी
टोपी काढायची. सदराही पांढरा नको, मागच्या पांढऱ्यात खांदे मिसळतात आणि डोकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. एखादा गडद शर्ट घाला. पांढऱ्या कपड्याला मनाई नाही, पण खांद्याची रेघ स्पष्ट असली की फोटो नीट दिसतो.

सातपुड्याची_लेक
पदराबद्दल मला वेगळं म्हणायचं आहे. रोज धार्मिक कारणाने डोकं झाकत असतील तर नियमात परवानगी आहे, फक्त चेहरा पूर्ण दिसला पाहिजे आणि त्यावर सावली नको. आमच्याकडच्या किती तरी बायका देवाधर्माच्या भावनेनेच पदर घेतात. काकूंना जबरदस्ती करायची गरज नव्हती. पदर कपाळाच्या मागे घेऊन, कान दिसतील असा ठेवला असता तर चाललं असतं.

मोजपट्टी
सातपुड्याची_लेक, परवानगी आहे हे बरोबर. पण रूढीचा पदर आणि धार्मिक आवरण यात अधिकारी कशी रेघ ओढतील हे मी ठामपणे सांगू शकत नाही. शिवाय पदर असला की केसांचं टोक दिसत नाही, डोक्याची उंची मोजायची कुठून हाच प्रश्न येतो, आणि पदराची सावली कपाळावर पडते. म्हणून मी खांद्यावर घ्यायला सांगते. कुंकू, टिकली, नथ, मंगळसूत्र यांपैकी काहीच काढायची गरज नाही. नथ मोठी असून ओठ झाकत असेल तरच काढा.

सातपुड्याची_लेक
मोजायची अडचण मान्य. पण बाईने नाही म्हटलं तर पदरासकट काढून बघावा, लगेच पदर काढायला लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

दोन_बैल
सेल्फी चालते काय? पोरगा म्हनते मीच काढतो.

फ्लॅश_आर्वी
नको काका. हात तेवढा लांब जात नाई, जवळून काढला की नाक मोठं अन् कान लहान दिसतात. समोरचा कॅमेरा कई मोबाइलात उलटा फोटो ठेवते, डाव्या गालावरचा तीय उजव्या गालावर येते. मांगच्या कॅमेऱ्यानं, चार-पाच हातावरून, दुसऱ्यानं काढावा. मोबाइल डोयाच्या उंचीवर धरावा, वरून नाई, खालून नाई. ब्युटी मोड अन् पोर्ट्रेट मोड दोन्ही बंद. ब्युटीनं सुरकुत्या पुसल्या जातात, पोर्ट्रेटनं कानाची कड धूसर होते. अन् दात दिसतील असं हसू नका, तोंड मिटून, डोये उघडे, सरळ पाहाचं.

पूर्णाकाठ
आईचा फोटो गेला! ६०० बाय ६००, ८८ केबी. साइटने लगेच पास म्हणून दाखवला. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शेवटचं. बाबांचा फोटो समजा पुन्हा पुन्हा नापास झाला तर फॉर्मच भरता येणार नाही का?

मोजपट्टी
भरता येतो. फोटो नापास झाला तरी त्याशिवाय पुढे जायचा पर्याय तिथेच असतो. मग शेवटच्या कन्फर्मेशन पानावर फोटोच्या चौकटीत फोटोऐवजी X ही खूण येते. तशी आली तर कागदावर छापलेला २ बाय २ इंची फोटो त्या पानासोबत न्यायचा. आईच्या पानावर फोटो दिसतोय ना, तेवढं छापण्याआधी बघून घ्या.

साइटवर पास झाला तरी दोन छापील फोटो दोघांचेही जवळ ठेवा. मुंबईच्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे घेताना तिथे फोटोही काढतात, पण छापील मागितला तर धावपळ नको. आणि त्या दिवशीही चष्मा काढायला लागेल हे बाबांना आधीच सांगा.

फ्लॅश_आर्वी
छापताना एक ध्यानात ठेवा. चार बाय सहा इंचाच्या कागदावर दोन इंचाचे सहा फोटो बरोब्बर बसतात, म्हनून सारे सहा लावतात. पन मशीन कड न सोडता छापते तवा चित्र जरासं मोठं करते अन् कडेचं कापते. मंग फोटो दोन इंचाचा राहत नाई, डोकंही मोठं होते. एका कागदावर दोनच लावा, मधात, भवताली पांढरं सोडून. छापून झालं की स्टीलची पट्टी लावून मोजा, ५१ मिलिमीटर भरलं पायजे, अन् हनुवटी ते केस २५ ते ३५ च्या मधात. तुमच्या मायचं तं २९ च्या आसपास भरन.

पूर्णाकाठ
पट्टी लावली. २९ च भरलं. बाबांची डॉक्टरकडची तारीख पुढच्या गुरुवारी आहे, चादर तशीच दोरीवर ठेवतो. चार आकडे मोजून इथेच टाकीन, कापण्याआधी एकदा बघा.